४१, ४३०, ९५०: एक्स्टर्नल ड्राइव्हचा स्पीड नेमका कुठे अडतो

प्रश्न: "२,००० एमबी प्रति सेकंद लिहिलेला एक्स्टर्नल एसएसडी घेतला. फोनच्या टाइप-सी केबलने लावला तर ४१ मिळतात. सोबत आलेल्या केबलने लॅपटॉपच्या उजवीकडच्या जुन्या चपट्या पोर्टला ४३०, डावीकडच्या टाइप-सीला ९५०. मॉनिटरच्या पोर्टला लावला की परत ४०. दोन हजार एकदाही दिसले नाहीत. ड्राइव्हच सदोष आहे का?"

ड्राइव्ह सदोष नाही. तुम्ही चार वेगवेगळ्या वाटांनी मोजलंत आणि चारही वेळा वेगळी गोष्ट आडवी आली. तुम्ही आकडे नीट लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण या प्रकरणात आकडाच दोष कुठे आहे ते सांगतो.

यूएसबीचा स्पीड हळूहळू कमी होत नाही, तो पायऱ्यांनी खाली येतो. ड्राइव्ह लावल्यावर पहिल्या क्षणात ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांच्यात वेग ठरतो. दोघांना जमेल आणि मधली केबल पेलेल अशी सगळ्यात वरची पायरी निवडली जाते, आणि केबल काढेपर्यंत शक्यतो तीच राहते. पायऱ्या मोजक्याच आहेत: ४८० मेगाबिट, ५ गिगाबिट, १० गिगाबिट, २० गिगाबिट आणि त्यावर यूएसबी ४ व थंडरबोल्टचे ४०. त्यामुळे प्रत्येक पायरीवर हाताला येणारा आकडाही ठरलेला असतो.

तो आकडा कसा येतो ते एकदा पाहून घ्या, म्हणजे पुढे अंदाज बांधावा लागणार नाही. पोर्टचा वेग बिटमध्ये सांगतात, ड्राइव्हचा बाइटमध्ये, म्हणून आधी ८ ने भागायचं. ४८० मेगाबिटचे झाले ६० एमबी. पण यूएसबी २.० मध्ये जाण्या-येण्याला एकच वाट असते आणि प्रत्येक देवाणघेवाण कॉम्प्युटरने विचारल्याशिवाय होत नाही, म्हणून हातात ३५ ते ४३ पडतात. ५ गिगाबिटचे ८ ने भागून ६२५ होतात, पण या पायरीवर दर ८ बिट तारेवरून १० बिट करून पाठवतात. म्हणजे उरले ५००, आणि त्यातून पॅकेटचा आणि आज्ञांचा खर्च वजा जाऊन ४३० ते ४६०. १० गिगाबिटला ही पद्धत सुधारली. तिथे १२८ बिटांमागे फक्त ४ जादा जातात, म्हणून साधारण ९५० ते १,०५० मिळतात. २० गिगाबिटला दोन हजारांच्या आसपास.

आता तुमचे आकडे यावर ठेवा. ४१ आणि ४० म्हणजे यूएसबी २.०. ४३० म्हणजे ५ गिगाबिट. ९५० म्हणजे १० गिगाबिट. ड्राइव्ह बिघडला असता तर तो इतक्या नेमकेपणाने पायऱ्यांवर येऊन थांबला नसता. बिघडलेला ड्राइव्ह कुठेही भरकटतो: मध्येच २७०, मध्येच ८०, मध्येच गप्प.

४१ ची गोष्ट आधी, कारण ती सगळ्यात जास्त लोकांना फसवते. टाइप-सीच्या सॉकेटमध्ये २४ संपर्कबिंदू असतात. त्यातल्या मधल्या भागात जुन्या यूएसबी २.० च्या डेटाच्या तारा येतात, आणि जलद डेटासाठी तारांच्या चार जोड्या वेगळ्या असतात. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बहुतेक केबलमध्ये या चार जोड्या नसतातच. पॉवरच्या तारा, जुनी डेटाची जोडी आणि एक नियंत्रणाची तार, एवढंच. अशी केबल १०० वॅटने लॅपटॉप चार्ज करेल, जाडजूड असेल, वर सुंदर वेणी विणलेली असेल, तरी तिच्यातून जलद डेटा जाणारच नाही, कारण तो जायला आत तारच नाही. ड्राइव्ह जलद तारांवर संवाद सुरू करायला बघतो, पलीकडून काहीच येत नाही, मग तो निमूटपणे यूएसबी २.० वर उतरतो. कुठलीही सूचना येत नाही. ड्राइव्ह दिसतो, फाइल उघडते, कॉपीही होते, म्हणून शंका येत नाही.

हे फक्त स्वस्त केबलचं दुखणं नाही. आयफोन १५ प्रो या फोनचा पोर्ट १० गिगाबिटचा आहे, पण त्याच्या खोक्यात आलेली केबल यूएसबी २.० चीच होती. आणि याहून चकवणारी गोष्ट म्हणजे थंडरबोल्ट ३ च्या दोन मीटरच्या अ‍ॅक्टिव्ह केबल. त्या थंडरबोल्टच्या ड्राइव्हला ४० गिगाबिट देतात, पण साध्या यूएसबी ड्राइव्हला लावल्या की त्यातल्या बऱ्याच केबल यूएसबी २.० वर येतात, कारण आतली सिग्नल वाढवणारी चिप फक्त थंडरबोल्टची भाषा जाणते. संग्रहातली सगळ्यात महागडी केबल काढून लावावी आणि ४० मिळावेत, असं माझ्यासमोर दोनदा घडलं आहे. थंडरबोल्ट ४ च्या केबलमध्ये ही अडचण दूर केली गेली.

केबल डोळ्यांनी ओळखता येते का? कधी कधी. प्लगवर ५, १०, २० किंवा ४० असा आकडा छापलेला असेल तर तो वेग. फक्त वॅट लिहिले असतील तर ती चार्जिंगसाठीच विकलेली आहे असं धरून चाला. काहीच लिहिलेलं नसेल तर मोजण्याला पर्याय नाही. लांबीवर मात्र नजर ठेवा. आत चिप नसलेली साधी केबल १० गिगाबिटला साधारण १ मीटरपर्यंत भरवशाची, ५ गिगाबिटला २ मीटरपर्यंत, आणि ४० गिगाबिटला ०.८ मीटर. तुमच्या ड्राइव्हसोबत बोटभर केबल दिली आहे ती कंजूषपणा म्हणून नाही. वेग वाढतो तसा तांब्यातला सिग्नल अंतरामागे जास्त क्षीण होतो. म्हणूनच दोन केबल जोडणारे छोटे अ‍ॅडॉप्टर मी ड्राइव्हसाठी वापरत नाही. तिथे प्रत्येक सांध्यावर सिग्नल आणखी पडतो.

केबल काठावरची असेल, म्हणजे तारा आहेत पण सिग्नल जेमतेम पोचतो, तर लक्षणं वेगळी दिसतात. पायरी वरचीच ठरते, पण चुका होऊन तोच डेटा पुन्हा पाठवावा लागतो, मध्येच ड्राइव्ह तुटून परत जोडला जातो. लिनक्सवर `dmesg` मध्ये अशी ओळ पुन्हा पुन्हा आली तर आधी केबल बदला:

```
usb 2-1: reset SuperSpeed USB device number 3 using xhci_hcd
```

ही लक्षणं दिसत असताना त्या केबलवर बॅकअप घेऊ नका. कमी वेग सहन होतो, लिहिता लिहिता तुटणारा ड्राइव्ह फाइलसिस्टिम खराब करतो.

आता तुमचा मॉनिटर. ही माझ्या मते तुमच्या चारही आकड्यांतली सगळ्यात उद्बोधक जागा आहे, कारण इथे केबल, पोर्ट, ड्राइव्ह तिन्ही चांगले असूनही वेग यूएसबी २.० चाच येतो.

लॅपटॉपपासून मॉनिटरपर्यंत तुमची एकच टाइप-सी केबल जाते असं मी धरतो. तिच्यातून चित्र जातं, लॅपटॉप चार्ज होतो आणि मॉनिटरच्या मागचे यूएसबी पोर्टही त्याच केबलवर चालतात. आता मघाच्या चार जलद जोड्या आठवा. यूएसबीला एका दिशेने जायला एक जोडी आणि परत यायला एक, अशा दोन लागतात. चित्राला मॉनिटरच्या रिझोल्यूशननुसार दोन लागतात किंवा चारही. ४के चित्र ६० हर्ट्झला दाखवायचं तर बऱ्याच जुन्या मॉनिटर आणि लॅपटॉपच्या जोडीत चारही जोड्या चित्रच घेतं. मग यूएसबीसाठी काय राहिलं? मधली जुनी यूएसबी २.० ची जोडी. मॉनिटरच्या मागे निळा, "३.०" लिहिलेला पोर्ट असतो, त्यात तुम्ही दोन हजारांचा ड्राइव्ह लावता, आणि मिळतात ४०.

एका व्हिडिओ एडिटरच्या टेबलावर मी हेच पाहिलं होतं. त्यांनी दोन ड्राइव्ह आणि तीन केबल बदलून झाल्या होत्या. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत शिरलो तर यूएसबीच्या खाली दोन पर्याय होते, एक जास्त रिझोल्यूशनचा आणि एक जास्त डेटा स्पीडचा. पहिला निवडलेला होता. दुसरा निवडला, पडदा क्षणभर काळा झाला, परत आला, आणि तोच ड्राइव्ह त्याच पोर्टला ४२० वर गेला. पण चित्र ६० हर्ट्झवरून ३० वर उतरलं. माउसचा बाण अडखळत फिरताना त्यांना लगेच दिसला. शेवटी आम्ही मॉनिटरची सेटिंग पहिल्यासारखी ठेवली आणि ड्राइव्ह थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावला. मॉनिटरचे पोर्ट की-बोर्ड आणि माउससाठी राहू द्यावेत, असं मी तुम्हालाही सुचवेन. टाइप-सीवर चालणाऱ्या, चित्रही देणाऱ्या साध्या डॉकचीही हीच गत असते.

हबचं वेगळं सांगायला नको. चार तोंडांचा ५ गिगाबिटचा हब म्हणजे चारही तोंडांना मिळून ५ गिगाबिट.

पुढचा आकडा ४३०. उजवीकडचा चपटा पोर्ट, म्हणजे टाइप-ए, तुमच्या लॅपटॉपवर ५ गिगाबिटचा आहे. त्यात दोष नाही, तो तसाच बनवला आहे. इथे नावांनी मोठा घोळ घातला आहे आणि तो समजून घ्यावाच लागतो. २००८ साली आलेल्या ५ गिगाबिटच्या यूएसबी ३.० चं नाव २०१३ साली यूएसबी ३.१ जेन १ झालं आणि २०१७ साली यूएसबी ३.२ जेन १. तार तीच, वेग तोच, नाव तिसरं. म्हणून लॅपटॉपच्या माहितीपत्रकात नुसतं "यूएसबी ३.२" लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही. ते ५ असू शकतं, १० असू शकतं, २० सुद्धा. जेन १ म्हणजे ५, जेन २ म्हणजे १०, जेन २ बाय २ म्हणजे २०. पोर्टच्या रंगावरही विसंबू नका. निळा रंग बहुधा ५ गिगाबिट सांगतो, पण त्याची सक्ती नाही.

टाइप-ए बद्दल एक बारीक गोष्ट. त्याच्या प्लगमध्ये पुढे जुने चार संपर्क आणि खोलात नवे पाच असतात. प्लग सावकाश, अर्धवट सरकवत घातला तर पुढचे चार आधी जुळतात आणि ड्राइव्ह यूएसबी २.० म्हणून जागा होतो. कधीमधीच ४० दिसतात आणि एरवी ४३०, अशी तक्रार असेल तर प्लग काढून एका दमात ठामपणे आत घालून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

टाइप-सीमध्ये याचाच एक भाऊ आहे. एकाच केबलने, एकाच पोर्टला कधी ९५० तर कधी ४१ येत असतील तर लॅपटॉपच्या बाजूचा प्लग उलटा फिरवून लावा. टाइप-सी दोन्ही बाजूंनी बसतो, पण पोर्टच्या आत दोन्ही वेळा तेच संपर्क वापरले जात नाहीत. प्लग फिरवला की जलद डेटा सॉकेटमधल्या दुसऱ्या बाजूच्या संपर्कांवरून जातो. केबलमधल्या तारा मात्र त्याच राहतात. म्हणून एका बाजूने वेग मिळतो आणि दुसऱ्या बाजूने मिळत नाही, असं झालं तर संशय केबलवर नाही, पोर्टवर घ्यायचा. बहुतेकदा आत दबून बसलेलं कापसासारखं किटण असतं. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. धातूची सुई घालू नका. तरीही फरक राहिला तर त्या बाजूचा संपर्क झिजला आहे किंवा बोर्डावरची बाजू बदलणारी चिप गेली आहे.

मग ९५०, आणि न दिसलेले दोन हजार. तुमच्या ड्राइव्हवरचा आकडा खरा आहे, पण तो २० गिगाबिटच्या म्हणजे जेन २ बाय २ पोर्टचा आहे. ही पायरी टाइप-सीच्या चारही जलद जोड्या यूएसबीसाठी एकदम वापरते, दहा-दहाच्या दोन वाटा करून. त्यामुळे टाइप-ए पोर्टला ती कधीच मिळू शकत नाही, तिथे मुळात एकच वाट आहे. आणि टाइप-सी असला तरी आतल्या कंट्रोलरला दोन वाटा एकत्र चालवता आल्या पाहिजेत. ही सोय काही डेस्कटॉप मदरबोर्डच्या मागच्या एखाद्या पोर्टवर सापडते, लॅपटॉपमध्ये क्वचित.

इथे लोक मला विचारतात, "पण माझा पोर्ट ४० गिगाबिटचा आहे, त्यात २० मावणार नाहीत का?" मावण्याचा प्रश्न नाही. ४० गिगाबिट ही यूएसबी ४ ची किंवा थंडरबोल्टची भाषा आहे, जेन २ बाय २ ही वेगळी. यूएसबी ४ च्या पोर्टला जेन २ बाय २ येणं ऐच्छिक आहे. अ‍ॅपलच्या एम-१ आणि एम-२ च्या मॅकबुकला ते येत नाही, पुष्कळ विंडोज लॅपटॉपनाही येत नाही. दोघांनाही येणारी पुढची समान पायरी १० गिगाबिटची, म्हणून ९५०. अशा लॅपटॉपवर दहाच्या वर जायचं असेल तर २० गिगाबिटचा ड्राइव्ह कामाचा नाही. यूएसबी ४ किंवा थंडरबोल्टचा ड्राइव्ह लागतो, आणि त्याचा वेग मग साधारण तीन हजार एमबीपर्यंत जातो. विक्रेते हे खोक्यावर ठळक लिहीत नाहीत याचा मला मनापासून राग येतो, कारण माणूस आकडा बघून जास्त पैसे मोजतो आणि त्याला मिळतं दहाच्याच ड्राइव्हचं काम.

हा झाला अंदाज. खात्री कशी करायची? कॉपीचा वेग बघून नाही, ठरलेली पायरी थेट विचारून. लिनक्सवर:

```
lsusb -t
```

उत्तर असं दिसेल:

```
/:  Bus 02.Port 1: Dev 1, Class=root_hub, Driver=xhci_hcd/4p, 10000M
    |__ Port 2: Dev 3, If 0, Class=Mass Storage, Driver=uas, 5000M
```

पहिल्या ओळीतला `10000M` म्हणजे पोर्टमागच्या कंट्रोलरची क्षमता, दुसऱ्या ओळीतला `5000M` म्हणजे ड्राइव्हशी प्रत्यक्ष ठरलेला वेग. वर दहा आणि खाली पाच असेल तर अडथळा पोर्टच्या पुढे आहे, म्हणजे केबल, हब किंवा एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी ज्यात बसते तो डबा. `480M` दिसलं तर आधी केबल. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीच्या खाली ड्राइव्ह निवडला की वेगाची ओळ असते. विंडोजवर यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर नावाचं मोफत साधन हीच माहिती देतं.

प्रत्यक्ष वेग मोजायचा तर एकच मोठी फाइल घ्या आणि वाचण्याचा वेग मोजा. लिहिण्याच्या वेगात ड्राइव्हच्या स्वतःच्या गोष्टी मिसळतात. ८-१० जीबीची एक फाइल ड्राइव्हवर ठेवा आणि:

```
dd if=/mnt/ssd/test.bin of=/dev/null bs=16M iflag=direct status=progress
```

`iflag=direct` गाळू नका. नाहीतर दुसऱ्या वेळी फाइल मेमरीतून येते आणि न मिळणारा वेग दिसतो.

राहिलं एन्क्लोजर. तुम्ही तयार ड्राइव्ह घेतला आहे, पण त्याच्याही आत तेच असतं: एक एसएसडी आणि तिची भाषा यूएसबीत बदलणारी एक ब्रिज चिप. वेगाची कमाल ही चिप ठरवते. आत सात हजार एमबी वेगाची एसएसडी बसवली आणि चिप १० गिगाबिटची असली तर बाहेर हजारच येणार. स्वतः एन्क्लोजर घेऊन एसएसडी बसवणाऱ्यांनी म्हणून डब्याच्या धातूपेक्षा चिपचा नंबर विचारावा. उदाहरणार्थ JMS583, ASM2362 आणि RTL9210B या १० गिगाबिटच्या आहेत, ASM2364 ही २० ची, ASM2464PD ही यूएसबी ४ ची.

इथे आणखी एक ओळखीचा आकडा आहे: ५४०. पोर्ट १० गिगाबिटचा, केबल चांगली, `lsusb` मध्ये `10000M`, आणि तरी वाचनाचा वेग ५४० च्या पुढे जात नाही, तर आतली एसएसडी साटा जातीची आहे. एम.२ आकाराच्या एसएसडी दोन जातींच्या असतात, दिसायला सारख्याच, पण साटाची स्वतःची मर्यादा ६ गिगाबिटची आहे आणि तिच्यातून ५५० च्या आसपासच निघतं. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर १०० ते १५० ला सगळं संपतं, तिथे केबलवर एक पैसाही खर्च करू नका.

ब्रिज चिपची दुसरी बाजू मोठ्या फाइलवर फारशी दिसत नाही, लहान फाइलवर दिसते. वरच्या उत्तरात `Driver=uas` होतं ते पाहिलंत? त्या जागी `usb-storage` असेल तर ड्राइव्ह जुन्या पद्धतीने चालतोय. त्या पद्धतीत कॉम्प्युटर एक आज्ञा देतो, ती पुरी होईपर्यंत थांबतो, मग दुसरी. खिडकीवर एका वेळी एकच अर्ज घेतात तसं. यूएएस पद्धतीत अनेक अर्ज एकदम आत जातात आणि एसएसडी तिच्या सोयीने उरकते. एका फोटो संग्रहाचा बॅकअप रात्रभर चालायचा. मोठी फाइल तिथे ३५० वर जायची, म्हणून कोणी ड्राइव्हकडे बघत नव्हतं. पण संग्रहात लाखो छोट्या थंबनेल फाइल होत्या आणि त्यांच्यावर वेग पाच-सात एमबीवर यायचा. `lsusb -t` मध्ये `usb-storage` दिसलं. तेच एसएसडीचं कार्ड यूएएस चालणाऱ्या दुसऱ्या एन्क्लोजरमध्ये बसवलं आणि काम पहाटेच्या आत, मध्यरात्रीच उरकू लागलं. विंडोजवर हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतं. स्टोरेज कंट्रोलर्सखाली `USB Attached SCSI (UAS) Mass Storage Device` असेल तर नवी पद्धत, युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्सखाली नुसतं `USB Mass Storage Device` असेल तर जुनी.

शेवटी एक इशारा, म्हणजे चुकीच्या जागी शोध घेणार नाही. कॉपी ९५० ने सुरू होऊन काही मिनिटांनी ३०० वर आली, तर ते केबल-पोर्टचं काम नाही, पायरी मध्येच बदलत नाही. दरवेळी साधारण तितकेच जीबी लिहून झाल्यावर वेग पडत असेल तर एसएसडीचा जलद कॅशचा भाग भरला. ड्राइव्ह हाताला चटका देत असेल आणि वाचण्याचा वेगही पडला असेल तर ती तापल्यामुळे स्वतःला आवरते आहे. दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि लगेच परत वाचून मोजा, वेग परतला तर तेच कारण.

तुमच्यापुरतं सांगायचं तर फोनची केबल बाजूला ठेवा, सोबतची आखूड केबल ड्राइव्हलाच बांधून ठेवा आणि डावीकडचा टाइप-सी पोर्ट वापरा. १०० जीबीच्या मोठ्या फाइल ४१ ने न्यायला सुमारे ४१ मिनिटं लागतात, ४३० ने चार मिनिटांच्या आत, ९५० ने पावणेदोन मिनिटं. दोन हजार मिळाले असते तर ५० सेकंद. त्या उरलेल्या मिनिटभरासाठी लॅपटॉप बदलू नका. पण ड्राइव्ह अजून परत करता येत असेल आणि तुम्ही तो फक्त याच लॅपटॉपवर वापरणार असाल, तर १० गिगाबिटचा कमी किमतीचा ड्राइव्ह घ्या. तुमच्या डाव्या पोर्टला तो आत्ताइतकाच वेग देईल.